‘बघू’ कोण म्हणालं?

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांशी त्यांचं त्यावरून बोलणं झालं ते जिन्यातच, पाचेक मिनिटांत. मी तेव्हा सोसायटीच्या समितीवर होतो आणि दुधाची पिशवी हातात घेऊन नेमका दोघांच्या मधल्या पायरीवर उभा होतो. बोलणं साधारण असं झालं:

“अहो, तुमच्या बाथरूममधून पाणी झिरपतंय. आमचं प्लास्टर फुगलंय सगळं.”

“मागच्या वर्षीच तर मी वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पण बरं, शनिवारी प्लंबर आणतो.”

“आणि माझ्या छताचा रंग?”

“आधी गळती तर थांबू दे.”

“निम्मे पैसे तुम्ही द्या, निम्मे मी देते. चालेल?”

“बघू.”

“तुम्ही ऐकलंत ना सगळं? मग तुम्हीच रजिस्टरमध्ये लिहून ठेवा,” असं मला सांगून काकू आत गेल्या. मी संध्याकाळी बसून लिहिलं: ‘गळतीबाबत उभयपक्षी चर्चा झाली. प्लंबरकडून तपासणी करून घेण्यात येईल. रंगकामाचा खर्च निम्मा-निम्मा करण्याचे ठरले.’ लिहून झाल्यावर मला ते फार नेटकं वाटलं होतं.

शनिवारी प्लंबर आला नाही. काका म्हणाले, “यात लिहिलंय, तपासणी करून घेण्यात येईल. मला वाटलं सोसायटीच कोणाला तरी पाठवतेय.” काकूंनी रंगाच्या निम्म्या पैशांचा विषय काढला, तेव्हा त्यांनी तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवून मलाच विचारलं, “हे कधी ठरलं? मी तर नुसतं बघू म्हणालो होतो.” बरोबरच होतं त्यांचं. दोन माणसांच्या बोलण्याची नोंद करताना मी त्यातली दोन्ही माणसं काढून टाकली होती.

हा दोष कर्मणी प्रयोगाचा, असं कोणी म्हणेल. इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांमध्ये तसा सल्ला असतोच, की ‘पॅसिव्ह’ टाळा. पण तो जसाच्या तसा मराठीत आणला तर घोटाळा होतो. शाळेतलं व्याकरण आठवा. ‘काकांनी प्लंबर बोलावला’ हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद प्लंबरच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. काकांनी बाई बोलावली असती तर ‘बोलावली’ झालं असतं. तरीही त्या वाक्यात काका चांगले ठसठशीत उभे आहेत. भूतकाळातली आपली निम्मी-अधिक वाक्यं अशीच असतात, आणि त्यांत काहीही लपत नाही. लपवाछपवी चालते ती दुसऱ्या दोन ठिकाणी.

त्यातलं पहिलं ठिकाण म्हणजे ‘-ण्यात आले’ आणि ‘-ण्यात येईल’. शासन निर्णयापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळीकडे हे शेपूट सापडतं. ‘कळविण्यात येते’, ‘सूचना देण्यात आली’, ‘कार्यवाही करण्यात येईल’. यात कर्ता घालायला जागाच उरत नाही. हट्टाने ‘काकांकडून’ घातलं तर वाक्य लंगडतं, म्हणून लिहिणारा तो गाळूनच टाकतो. कचेरीत याला कारण आहे. तिथे काम माणूस करत नसतो, पद करत असतं आणि पदावरचा माणूस बदलला तरी आदेश तसाच राहायचा असतो. पण जिन्यात दोन पदं बोलत नव्हती.

दुसरं ठिकाण जास्त फसवं आहे, कारण ते अगदी साधं, घरगुती मराठी आहे: ‘ठरलं’, ‘झालं’, ‘निघालं’, ‘राहिलं’. ‘लग्न ठरलं’, ‘विषय निघाला’, ‘बोलणं झालं’. या क्रियापदांना करणारा लागतच नाही, गोष्ट आपली आपण घडते. व्याकरणात याला कोणी कर्मणी म्हणणार नाही, पण कर्ता गायब करण्यात ते ‘-ण्यात आले’च्या वरचढ आहे. त्यात ‘ठरलं’ हा शब्द आणखी एक काम गुपचूप करतो. एकाने विचारलं आणि दुसऱ्याने होकार दिला, हे दोन्ही त्यात गृहीत असतं. काकूंचा प्रस्ताव आणि काकांचं ‘बघू’ यांची बेरीज ‘ठरलं’ होत नाही. मी ती करून टाकली होती.

यावर सोपा उपाय सुचतो तो प्रथमपुरुषाचा: ज्याने लिहायचं त्याने ‘मी’ लिहावं. काकूंनी स्वतः टिपण केलं असतं तर ते असं झालं असतं: ‘मी त्यांना गळतीबद्दल सांगितलं. ते शनिवारी प्लंबर आणतो म्हणाले. रंगाचे पैसे निम्मे-निम्मे करू का, असं मी विचारलं. त्यावर ते बघू म्हणाले.’ हे उत्तम टिपण आहे. कोण बोललं, कोणी विचारलं, कोणी टाळलं, सगळं यात आहे. शिवाय हे काकूंच्या कानांनी ऐकलेलं आहे हेही वाचणाऱ्याला कळतं. ज्याने संभाषणात भाग घेतला, त्याने लिहिताना तृतीयपुरुषाचा अंगरखा घालून ‘दुसऱ्या मजल्यावरील सदस्यांनी असे सांगितले’ असं स्वतःबद्दलच लिहिणं मला नेहमी थोडं संशयास्पद वाटतं. तिथे एका बाजूचं म्हणणं त्रयस्थाच्या सुरात येतं.

हेच टिपण काकांना पाठवायचं असेल तर मात्र तिसरा माणूस उरत नाही. ‘ते म्हणाले’चं ‘तुम्ही म्हणालात’ होतं: ‘काल जिन्यात बोललो त्याप्रमाणे, तुम्ही शनिवारी प्लंबर आणणार आहात. रंगाच्या खर्चाबद्दल तुम्ही नंतर सांगणार आहात.’ चुकलं असेल तर काका लगेच हरकत घेऊ शकतात, हा या रूपाचा मोठा फायदा. इथे एकच शब्द जपून वापरावा लागतो, तो म्हणजे ‘आपण’. अदबीने ‘आपण शनिवारी प्लंबर आणणार असे ठरले’ लिहिलं तर ते ‘आपण’ काकांना उद्देशून आहे की काका-काकू दोघांना मिळून? पुढे बिल आलं की हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

पण रजिस्टरात लिहीत होतो मी, म्हणजे तिसरा. माझं ‘मी’ तिथे कोणालाच नको होतं. तृतीयपुरुषाशिवाय मला गत्यंतर नव्हतं, आणि मराठीतल्या खऱ्या अडचणी तिथेच सुरू होतात.

पहिली अडचण आदराची. काका ‘ते’ आणि काकू ‘त्या’, इथवर ठीक आहे. पण ‘त्यांनी’ म्हटलं की दोघेही सारखेच. ‘त्यांनी सांगितलं, की त्यांनी मागच्या वर्षी काम करून घेतलं आहे’ यात कोणी कोणाबद्दल काय सांगितलं ते जिन्यात उभं असणाऱ्यालाच कळेल. यावर मराठीनेच एक सोय करून ठेवली आहे. ‘सांगणे’ भूतकाळात ‘-ने, -नी’ घेतं आणि बोलणाऱ्याचं लिंग झाकून टाकतं. ‘म्हणणे’ तसं करत नाही. ‘ते म्हणाले’, ‘त्या म्हणाल्या’ यात बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापदच सांगतं. एक बाई आणि एक पुरुष यांचं बोलणं टिपताना नुसत्या ‘सांगितलं’ऐवजी ‘म्हणाले-म्हणाल्या’ वापरलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. दोघे पुरुष किंवा दोघी बायका असतील तर मात्र सर्वनामांचा मोह सोडून दर वेळी नाव लिहावं, किंवा ‘वरचे’, ‘खालच्या’ असं काहीतरी. एकच नाव पुन्हा पुन्हा आलेलं बरं दिसत नाही, असं आपल्याला निबंधाच्या तासाला शिकवलेलं असतं. नोंदवहीत ते बिनधास्त विसरावं.

दुसरी अडचण ‘मी’ची. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याच्या ‘मी’चा ‘तो’ करावाच लागतो, पण मराठीत तशी सक्ती नाही. ‘काका म्हणाले, की मी शनिवारी प्लंबर आणतो’ हे शुद्ध, रोजचं मराठी आहे आणि त्यातला ‘मी’ म्हणजे काका. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून ते कळतं. कागदावर, खाली माझी सही असताना, तो ‘मी’ माझा होऊ शकतो. मग प्लंबर कोणी आणायचा? हे टाळायला काही जण इंग्रजी वळणाने लिहितात: ‘काका म्हणाले, की ते शनिवारी प्लंबर आणतील.’ आता ‘ते’ म्हणजे काका की सोसायटीचे सचिव की आणखी कोणी? जुन्या, भारदस्त गद्यात ‘आपण’ सापडतो: ‘काका म्हणाले, की आपण शनिवारी प्लंबर आणू.’ त्यातला ‘आपण’ म्हणजे ‘मी स्वतः’. पण आजचा वाचक ‘आपण सगळे’ असाच अर्थ घेणार.

तिन्ही सर्वनामं अशी निसरडी असताना माझी आजी काय करायची, ते मला नंतर सुचलं. ती सर्वनामच वापरायची नाही. ‘काका शनिवारी प्लंबर आणतो म्हणाले.’ वाक्यात ना ‘मी’, ना ‘ते’, ना ‘की’. आणि तरीही संशयाला जागा नाही, कारण काका दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाबद्दल बोलत असते तर ‘आणतात’ आलं असतं, काकूंबद्दल असते तर ‘आणतील’ किंवा ‘आणतात’, आणि दोघांनी मिळून करायचं असतं तर ‘आणू’. एकेरी ‘आणतो’ हे काकांनी स्वतःबद्दलच म्हटलेलं असणार. बोलण्याचा मूळ शब्दही शाबूत राहिला. गंमत म्हणजे शाळेत अशा वाक्यावर लाल रेघ यायची. अगदीच औपचारिक लिहायचं असेल तर ‘काकांनी शनिवारी प्लंबर आणण्याचे कबूल केले’ असं लिहिता येतं. तेही सर्वनामाशिवाय निभतं. पण त्यात ‘कबूल केले’ हा शब्द माझा आहे, काकांचा नाही. ते नुसतं ‘आणतो’ म्हणाले होते. ‘कबूल केले’मध्ये आधी नकार असल्याचा वास येतो, ‘आश्वासन दिले’मध्ये निवडणुकीचा. ‘म्हणाले’ला कसलाच वास नाही, म्हणून ते मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं.

हे सगळं सोसायटीच्या रजिस्टरापुरतं म्हणून हसण्यावारी नेता येईल. पण आपल्याकडे एक जागा अशी आहे, जिथे दोन माणसांचं बोलणं एकाच्या ‘मी’मध्ये ओतण्याचं काम रोज होतं आणि त्यावर माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून असतं. ती जागा म्हणजे न्यायालय. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 276 मध्ये सत्र न्यायालयातली साक्ष कशी लिहावी ते सांगितलं होतं: साधारणपणे निवेदनाच्या रूपात, मात्र न्यायाधीशांना वाटलं तर कोणताही भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात. म्हणजे वकील विचारतो, साक्षीदार उत्तर देतो आणि कागदावर मात्र साक्षीदार एकटाच ‘मी’ म्हणून बोलत असतो.

सरतपासणीत हे सहज जमतं. ‘तुम्ही कुठे होतात?’ ‘दुकानात.’ कागदावर येतं: ‘मी दुकानात होतो.’ उलटतपासणीत मात्र वकील विचारत नाही, सुचवतो. समजा तो म्हणाला, “त्या रात्री रस्त्यावर दिवे नव्हते.” साक्षीदार म्हणाला, “हो.” कागदावर ‘त्या रात्री रस्त्यावर दिवे नव्हते’ एवढंच आलं, तर साक्षीदाराने ती माहिती आपणहून दिली असं दिसेल. आणखी अवघड प्रकार नकाराचा. वकील म्हणतो, “तुम्ही आरोपीला ओळखलंच नाही.” साक्षीदार म्हणतो, “नाही.” आता हा ‘नाही’ म्हणजे ‘नाही ओळखलं’ की ‘नाही, तुमचं म्हणणं चूक आहे’? मराठीत दोन्ही अर्थ निघतात, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

न्यायालयांनी यावर एक साचा रुळवला आहे. मराठीतल्या साक्षीच्या नकला ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना तो पाठ असतो: ‘मी आरोपीला ओळखले नाही, हे म्हणणे खरे नाही.’ ‘रस्त्यावर दिवे नव्हते, हे म्हणणे खरे आहे.’ पहिल्यांदा वाचताना ही भाषा अगदी रुक्ष वाटते. पण ‘हे म्हणणे’ या दोन शब्दांत किती काम झालं आहे पाहा. ‘मी’ साक्षीदाराचा राहिला, आणि तरी वाक्यातला मजकूर दुसऱ्याच्या तोंडून आला होता याची खूणही राहिली. प्रश्न गिळला, पण त्याचं हाड घशात ठेवलं. न्यायाधीशाला तेवढंही पुरेसं वाटलं नाही, तर तो नेमका तेवढा भाग प्रश्नोत्तरांत उतरवून घेऊ शकतो. साक्षीदार उत्तर देताना चाचरला, किंवा उत्तराचा अर्थ प्रश्नाच्या शब्दांवरच टांगलेला असला, की ही मुभा कामी येते. आणि जिथे आरोपीचीच तपासणी होते, तिथे त्याच संहितेच्या कलम 281 ने सारांशाला वाव ठेवला नव्हता. महानगर दंडाधिकाऱ्यांचा अपवाद सोडला, तर त्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याने दिलेलं प्रत्येक उत्तर पूर्ण लिहायचं.

हा कायदा मला ठाऊक नव्हता, तेव्हा एका दिवाळी अंकासाठी मी एका निवृत्त परिचारिकेचं शब्दांकन केलं होतं. शब्दांकन हा प्रकार मराठी वाचकांना नवा नाही. मुलाखत घ्यायची, प्रश्न काढून टाकायचे, उत्तरं सलग करायची आणि सगळा लेख त्या व्यक्तीच्या ‘मी’मध्ये लिहून तळाशी बारीक अक्षरांत ‘शब्दांकन’ म्हणून आपलं नाव घालायचं. वाचायला ते फार गोड लागतं. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं.

मी त्यांना विचारलं होतं, “रात्रपाळीत डॉक्टर वेळेवर यायचे नाहीत, असं व्हायचं का?” त्या क्षणभर थांबून म्हणाल्या होत्या, “व्हायचं कधीकधी.” लेखात आलं, ‘रात्रपाळीत कधीकधी डॉक्टर वेळेवर यायचे नाहीत.’ एकही शब्द खोटा नव्हता. मसुदा वाचून त्यांनी फोन केला. “मी हे म्हणाले, ते खरंच आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून म्हणाले. इथे वाचलं तर वाटतं, की मी इतकी वर्षं हे मनात धरून बसले होते.” माझा प्रश्न नाहीसा झाला होता, त्यामुळे माझी टोचणी त्यांची तक्रार झाली होती. आणि ते क्षणभर थांबणं तर प्रथमपुरुषी निवेदनात कुठे मावतच नाही. स्वतः बोलणारा माणूस ‘मी इथे थोडी घुटमळले’ असं कशाला सांगेल?

ते वाक्य मी काढलं नाही, त्याला ‘कोणी विचारलं तर सांगते’ एवढे शब्द जोडले. त्यांना ते चाललं. तेव्हापासून शब्दांकन करताना मूळ प्रश्नांचा कागद मी जवळ ठेवतो. मसुद्यातली जी वाक्यं माझ्या प्रश्नातल्या शब्दांनीच बनलेली दिसतात, त्यांच्यासमोर फुली मारतो. अशा वाक्यांत त्या व्यक्तीचा वाटा बहुधा ‘हो’ किंवा ‘हं’ एवढाच असतो. फुल्या फार झाल्या, तर ‘मी’चा हट्ट सोडून सरळ प्रश्नोत्तरं छापलेली बरी.

जिन्यातल्या नोंदीकडे परत जायचं तर, कर्ता नसलेली वाक्यं मी सरसकट हद्दपार केली नाहीत. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छताचे प्लास्टर फुगले आहे’ यात करणारा कोण, हेच तर ठाऊक नव्हतं. पाणी वरून येतंय हे काकूंचं म्हणणं होतं, प्लंबरने अजून पाहिलं नव्हतं. तिथे ‘वरच्यांमुळे फुगले’ असं लिहिणं म्हणजे तपासाआधीच निकाल देणं. प्लास्टर आपलं आपण फुगलेलंच बरं. दोघांनाही जे मान्य आहे आणि ज्यात कोणाचं देणंघेणं नाही, तिथेही ‘बोलणं झालं’ पुरतं.

दुसऱ्यांदा लिहिलेली नोंद अशी होती: ‘दुसऱ्या मजल्यावरील बाथरूमच्या छताचे प्लास्टर फुगले आहे. पाणी वरून झिरपते, असे खालच्या काकू म्हणाल्या. मागच्या वर्षी वॉटरप्रूफिंग करून घेतले आहे, तरी शनिवारी प्लंबर आणतो, असे वरचे काका म्हणाले. छताच्या रंगाचा खर्च निम्मा-निम्मा करावा, असे काकूंनी सुचवले. त्यावर काका “बघू” म्हणाले.’

पहिल्यापेक्षा ती दुपटीहून लांब झाली. काकूंनी वाचून सही केली. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली, अवतरण चिन्हांतल्या ‘बघू’पाशी थांबून मिशीत हसले आणि त्यांनीही सही केली. पुढच्या शनिवारी प्लंबर आला. तो गेल्यावर जिन्यात काकूंनी विचारलं, “मग रंगाचं काय?”

“लिहिलंय की त्यात,” काका म्हणाले.